जुन्या फॉक्सप्रो व्याज यादीचा गोल्डन मास्टर : एका रुपयाचा फरक कुठून येतोय?

जुनी_यादी

नमस्कार मंडळी. अडकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं काम माझ्याकडे आलंय. जुनी सिस्टम फॉक्सप्रो २.६, डॉसवरची. ज्यांनी लिहिली ते आता हयात नाहीत. हातात आहे एक EXE, DBF फायलींचा ढीग आणि काही PRG, पण त्या PRG याच EXE च्या आहेत याची कुणालाच खात्री नाही. कागदपत्र एकही नाही. व्याज कसं निघतं असं विचारलं की व्यवस्थापक म्हणतात, "मशीन काढतं".

म्हणून जुन्या प्रोग्रामचं आउटपुट हाच दाखला धरायचं ठरवलं. मार्चअखेरचा डेटा घेतला, डॉसबॉक्समध्ये EXE चालवून बचत खात्यांची सहामाही व्याज यादी प्रिंटरऐवजी फायलीत घेतली. नवीन प्रोग्राम पायथन आणि पोस्टग्रेसवर आहे. त्याच डेटावर त्याचीही यादी काढली आणि `diff` लावला.

आधी सगळीच यादी लाल आली. तारीख, वेळ, पान क्रमांक पुसून टाकणारा फिल्टर लावल्यावर १,८४० पैकी ४१ खात्यांत फरक उरला. बहुतेक ठिकाणी एकच रुपया, सात खात्यांत मात्र बराच जास्त.

दोन प्रश्न आहेत. फिल्टरने काय काय पुसावं? आणि हा एक रुपया कुठून येतो? दर सरळ ४ टक्के आहे.

---

कोडकरी

एक रुपयाचं उत्तर सोपं आहे. पायथनचा `round()` बरोबर अर्ध्यावर आला की सम संख्येकडे जातो, फॉक्सप्रोचा `ROUND()` वर जातो. `Decimal` घ्या आणि `ROUND_HALF_UP` लावा, काम झालं. मी दोन प्रोजेक्टमध्ये हेच केलंय.

---

भाषा_आणि_फाँट

ग्राहकांचा मास्टर नवीन सिस्टममध्ये नेताना आम्हालाही फार त्रास झाला होता. एकाच सभासदाची तीन-तीन खाती, नावांची स्पेलिंगं वेगळी. गोल्डन मास्टर बनवायचा तर आधी नावं स्वच्छ करा आणि जुन्या इस्कीतून युनिकोडमध्ये आणा. त्याशिवाय जुळवाजुळव होणार नाही.

---

जुनी_यादी

@भाषा_आणि_फाँट, मी ग्राहकांच्या मास्टर फायलीबद्दल विचारत नाहीये. जुन्या प्रोग्रामने छापलेली यादी जशीच्या तशी गोठवून ठेवायची आणि नव्या यादीची तिच्याशी तुलना करायची, त्या गोठवलेल्या प्रतीला गोल्डन मास्टर म्हणतात. पण नावांचा मुद्दा निघाला ते बरं झालं. जुन्या यादीत नावाचा रकाना बाइट मोजून भरलाय आणि माझा प्रोग्राम युनिकोड चिन्हं मोजतो, त्यामुळे पुढचे आकडे एक-दोन घरं सरकतात. तो फरकही माझ्या फिल्टरने झाकला होता, हे आत्ता लक्षात आलं.

@कोडकरी, तुमचा उपाय केला. ४१ वरून २३ वर आलं. पण आधी जुळत असलेली काही खाती आता चुकायला लागली! दोन नमुने देतो. दोन्ही खात्यांत सहाही महिने शिल्लक तेवढीच होती.

शिल्लक ५,१२५ : जुनी यादी १०२, माझी आधी १०२, आता १०३.
शिल्लक ५,२२५ : जुनी यादी १०५, माझी आधी १०४, आता १०५.

---

मेधा_प

जुनी_यादी, ही दोन खाती तुम्ही शोधलीत हे फार छान झालं, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. पण त्याआधी एक विचारते. जुना प्रोग्राम त्याच डेटावर दोनदा चालवून, कुठलाही फिल्टर न लावता, त्या दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या का? जुनी यादी स्वतःशीच जुळत नसेल तर तिच्याशी नवी जुळवण्यात अर्थ नाही. नव्या प्रोग्रामला तोवर हातसुद्धा लावू नका.

आता आकडे. तुम्ही बहुधा सहा महिन्यांच्या शिल्लका बेरजेत घेऊन शेवटी एकदाच दर लावता. मग पहिल्या खात्याचं व्याज ३०,७५० × ४ ÷ १२०० म्हणजे १०२.५० येतं आणि दुसऱ्याचं १०४.५०. दोन्ही बरोबर अर्ध्यावर. अर्धा वर नेला तर १०३ आणि १०५ येतील. सम संख्येकडे नेला तर १०२ आणि १०४. पैसे सोडून दिले तरी १०२ आणि १०४ च. जुनी यादी म्हणते १०२ आणि १०५. शेवटच्या राउंडिंगचा कुठलाही नियम ही जोडी देऊ शकत नाही, म्हणजे राउंडिंग त्याच्या आधीही कुठेतरी झालेलं आहे.

आता दरमहा काढून बघा. ५,१२५ चं महिन्याचं व्याज १७.०८३३. ते दोन दशांशांच्या DBF फील्डमध्ये `REPLACE` केलं की १७.०८ उरतं. सहा पट १०२.४८, म्हणून १०२. ५,२२५ चं १७.४१६६ येतं, ते १७.४२ होऊन बसतं, सहा पट १०४.५२, म्हणून १०५. दोन्ही जुळले.

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP as H

def sahamahi(shillaka, dar):
    masik = [(Decimal(s) * dar / 1200).quantize(Decimal("0.01"), H)
             for s in shillaka]
    return sum(masik).quantize(Decimal("1"), H)
```

म्हणजे प्रोग्राम दर महिन्याचं व्याज एखाद्या तात्पुरत्या DBF मध्ये साठवत असणार आणि त्या फील्डची रुंदी हाच इथला न लिहिलेला नियम असणार. लिहिणाऱ्यांनी हा विचार करून केलं की नुसतं फील्ड तसं बनलं, हे आता कळणार नाही. पण सभासदांना पैसे तसेच मिळत आलेत.

एवढ्यावर विश्वास ठेवू नका मात्र. दोन खाती जुळली म्हणजे अंदाज जुळला, सिद्ध झाला नाही. असा पडताळा घ्या: एका महिन्यात जास्तीत जास्त अर्ध्या पैशाचा फरक पडतो, सहा महिन्यांत तीन पैशांचा. मग माझं म्हणणं खरं असेल तर एक रुपयाने चुकणाऱ्या प्रत्येक खात्याचं अचूक व्याज .४७ ते .५३ या पट्ट्यातच पडलं पाहिजे. एक जरी खातं पट्ट्याबाहेर निघालं तर आणखी काहीतरी वेगळं चाललंय.

---

कोडकरी

मेधाताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या दोन्ही प्रोजेक्टमध्ये राउंडिंग एकदाच होतं, त्यामुळे ते चाललं.

---

जुनी_यादी

मेधाताई, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं.

पट्टा तपासला. एक रुपयावाली सगळी खाती .४७ ते .५३ मध्येच आहेत, एकही बाहेर नाही. तुमचं फंक्शन लावल्यावर फक्त ती सात मोठ्या फरकाची खाती उरली.

आणि जुना प्रोग्राम दोनदा चालवला तर दुसऱ्यांदा नुसतं शीर्षक छापलं गेलं, खाली यादीच नाही! बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं की यादी काढतानाच तो खात्यांच्या DBF मध्ये "व्याज दिले" अशी खूण करतो. मी गोल्डन काढायच्या आधी सहज म्हणून एकदा काही खात्यांची यादी काढून बघितली होती. नशिबाने ती दुसऱ्या फोल्डरमधली प्रत होती. आता प्रत्येक वेळी डेटाचं फोल्डर झिपमधून नव्याने उघडतो, मगच EXE चालवतो.

शिवाय एका आभासी मशीनमध्ये घड्याळ ३१ मार्चला थांबवून ठेवलं. आता दोन याद्या बाइट-बाइट सारख्या येतात, फिल्टर न लावता.

---

मेधा_प

मग फिल्टर टाकूनच द्या. घड्याळ थांबवता येत असेल तर तारीख पुसायची गरजच नाही. `\d\d/\d\d/\d\d` असा पॅटर्न शीर्षकातली तारीख पुसतो तसाच ओळीतली खाते बंद झाल्याची तारीखही पुसतो, आणि तीच चुकली तर तुम्हाला कधीच कळणार नाही. पुसायचंच झालं तर फक्त पानाच्या पहिल्या काही ओळींत पुसा, आणि काय पुसलं ते दर वेळी मोजून ठेवा. तो आकडा बदलला तर टेस्ट पडली पाहिजे.

फाइल वाचताना `encoding="latin-1"` आणि `newline=""` ठेवा. जुन्या यादीत इस्की अक्षरं, पान बदलायची खूण, ओळीअखेरचे दोन बाइट सगळं असतं. युटीएफ-८ म्हणून उघडलं आणि "चुका दुर्लक्षित करा" म्हटलं की बाइट गुपचूप गळतात.

नावाच्या रकान्याचं मात्र वेगळं करा. तिथे मांडणी मुद्दाम बदलणारच आहे, म्हणून जुन्या यादीतून खाते क्रमांक, शिल्लक, व्याज हे रकाने जागेवरून कापून काढा आणि त्या मूल्यांची तुलना करा. मांडणीची टेस्ट वेगळी. दोन्ही एकत्र ठेवल्या की एक घर सरकलं तरी अख्खी यादी लाल होते आणि लोक लाल रंगाकडे बघायचं सोडून देतात.

---

कारखाना_आयटी

आमचा अनुभव सांगतो. साखर कारखान्यात ऊस बिलाची अशीच जुनी यादी होती. आम्ही एका पंधरवड्याचं बिल गोल्डन म्हणून ठेवलं, नवा प्रोग्राम शंभर टक्के जुळला, सगळे खूश. हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात घोटाळा. काही शेतकऱ्यांची सोसायटीची कपात बिलापेक्षा मोठी होती. जुना प्रोग्राम अशा वेळी निव्वळ रक्कम शून्य छापायचा आणि उरलेली कपात पुढे ओढायचा. आमच्या प्रोग्रामने उणे रकमा छापल्या. आम्ही निवडलेल्या पंधरवड्यात असा एकही शेतकरी नव्हता. तेव्हा एका मार्चवर समाधान मानू नका. सप्टेंबरची सहामाही घ्या, नवीन उघडलेली, मध्येच बंद झालेली, शून्य शिल्लक असलेली, सगळ्या तऱ्हेची खाती बघा.

---

लेखापाल_काका

मी संगणकातला माणूस नाही, पतसंस्थांचे हिशोब तपासतो. मला एकच विचारायचंय. जुना प्रोग्राम जे छापतो ते बरोबर आहे हे कोणी ठरवलं? बचत व्याजाचा नियम संस्थेच्या पोटनियमात किंवा संचालक मंडळाच्या ठरावात असतो. पूर्वी बँकांमध्येही महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर व्याज असायचं. १ एप्रिल २०१० पासून बँकांना रोजच्या शिल्लकेवर द्यावं लागतं, पण बऱ्याच पतसंस्थांनी जुनी पद्धत ठेवली. या संस्थेत कुठली आहे? आणि १० तारखेलाच भरलेले पैसे धरतात का?

---

जुनी_यादी

काका, ठराव मिळाला. त्यात "१० तारखेनंतरची किमान शिल्लक" एवढंच आहे. १० तारखेला भरलेल्या पैशांचं काय, ते नाही. मी १० तारखेचे पैसे धरलेत, यादी जुळते. पण डेटात १० तारखेला भरणा केलेली खाती किती असतील कुणास ठाऊक.

---

मेधा_प

काकांचा प्रश्न नेमका आहे आणि त्याचं उत्तर जुन्याच प्रोग्रामकडून काढता येतं. डेटाच्या प्रतीत तीन बनावट खाती घाला. तिन्ही १ ऑक्टोबरला १,००० रुपयांनी उघडलेली. मार्चमध्ये पहिल्यात ९ तारखेला ५,००० भरा, दुसऱ्यात १० ला, तिसऱ्यात ११ ला. पहिल्या पाच महिन्यांचे ३.३३ प्रमाणे १६.६५ होतात. मार्चचा भरणा धरला तर त्यात २० रुपये मिळून ३६.६५, म्हणजे यादीत ३७. धरला नाही तर १९.९८, म्हणजे २०. रकमा मुद्दाम अशा घेतल्या की दोन उत्तरांत सतरा रुपयांचं अंतर राहील आणि राउंडिंग मध्ये लुडबुडणार नाही.

चौथं खातं असं घाला की १५ तारखेला सगळे पैसे काढले आणि त्याच दिवशी परत भरले. म्हणजे दिवसअखेरची शिल्लक बघतो की प्रत्येक व्यवहारानंतरची, ते कळेल.

ही खाती खऱ्या डेटासोबत कायम टेस्टमध्ये राहू द्या. कारखान्याच्या दादांनी सांगितलेली भोकं अशीच बुजतात.

---

जुनी_यादी

चाललं! ३७, ३७, २०. म्हणजे १० तारखेला भरलेलं धरतात. चौथ्या खात्याला पूर्ण व्याज आलं, म्हणजे दिवसअखेरची शिल्लक. हे दोन नियम मी आज पहिल्यांदा लिहून काढले. इतकी वर्षं ते कुठल्याच कागदावर नव्हते.

आता ती सात खाती. सगळी सहामाहीच्या मध्यात बंद झालेली आहेत. आणि सगळ्यांचे क्रमांक लहान आहेत, एक किंवा दोन अंकी. खाते १२ बंद होताना व्याज माझ्या हिशोबाने ६४, जुन्या यादीत २११.

---

मेधा_प

लहान क्रमांक आणि बंद खाती, हे दोन्ही एकत्र आलं म्हणजे माझा संशय `SET EXACT OFF` वर आहे. फॉक्सप्रोत ते मूळचं तसंच असतं. मग मजकुराची तुलना उजव्या बाजूच्या लांबीपुरतीच होते.

```
SET EXACT OFF
? "120   " = "12"      && .T.
? "120   " = "12    "  && .F.
```

खाते क्रमांक अक्षरी फील्डमध्ये असेल आणि फक्त बंद खात्यांसाठीच्या कोडमध्ये कुणीतरी `ALLTRIM()` लावलं असेल, तर १२ च्या हिशोबात १२० ते १२९ आणि १,२०० ते १,२९९ या खात्यांचे व्यवहारही ओढले जातील.

ताडून बघायला डेटाच्या एका प्रतीतून १२ ने सुरू होणाऱ्या बाकी खात्यांचे व्यवहार काढून टाका आणि जुना प्रोग्राम चालवा. नुसते खोडल्याची खूण करून थांबू नका, `PACK` करा. `SET DELETED` बंद असेल तर खोडलेल्या नोंदीही मोजल्या जातात.

---

जुनी_यादी

१२ चं व्याज ६४ वर आलं. बाकी सहा खात्यांनाही तेच केलं, सहाही जुळली. मेधाताई, मनापासून आभार.

आता प्रश्न असा: ही चूक नव्या प्रोग्राममध्येही करायची का? गोल्डन म्हणजे जे आहे ते, असं मी धरून चाललो होतो.

---

लेखापाल_काका

चूक पुढे चालवायची नाही. या सात जणांना जास्त व्याज गेलंय. ते वसूल करायचं की सोडायचं हे संचालक मंडळ ठरवेल, तुम्ही नाही. पण सचिवांना लेखी कळवा आणि त्यांची सही घ्या. आधीच्या वर्षांतही हे झालेलं असणार, तेही कळवा.

---

मेधा_प

काकांशी सहमत. फक्त गोल्डन फाइलमध्ये २११ खोडून ६४ लिहू नका. ती फाइल जुन्या प्रोग्रामचा जबाब आहे, त्यात आपण हात घालायचा नाही. फरकांची वेगळी फाइल ठेवा: खाते, जुना आकडा, नवा आकडा, कारण, कोणी मान्य केलं. टेस्ट दोन्ही बाजूंनी पडली पाहिजे. फरकांच्या फाइलमध्ये नसलेला फरक आला तरी, आणि त्या फाइलमधला फरक अचानक नाहीसा झाला तरी. दुसरी गोष्ट झाली तर नव्या प्रोग्राममध्ये कुणीतरी तीच चूक परत आणली असं समजा.

आणि "सगळे गोल्डन नव्याने लिहा" अशी एका कमांडची सोय टीमला देऊ नका. सोमवारी सकाळी टेस्ट लाल दिसली की माणूस तीच कमांड चालवतो.

---

कोडकरी

एक शंका. जुन्या वर्षाची यादी लेखापरीक्षणासाठी नव्या सिस्टममधून परत छापायची वेळ आली तर? तेव्हा २११ दिसायला हवेत, कारण पैसे तेवढेच गेलेत. मग जुनी चूक एखाद्या स्विचमागे ठेवावीच लागेल ना?

---

मेधा_प

माझ्या मते नाही. जुन्या वर्षांचं व्याज परत मोजायचंच नाही, त्या वेळी दिलेली रक्कम खतावणीतून उचलून छापायची. पण त्यासाठी खतावणीतली रक्कम आणि जुनी यादी प्रत्येक सहामाहीला जुळायला हवी.

---

लेखापाल_काका

खतावणी आणि यादी जुळेलच असं धरू नका. हाताने केलेल्या दुरुस्त्या मी अनेक संस्थांत पाहिल्यात. त्या खतावणीत असतात, यादीत नसतात.

---

जुनी_यादी

काका, आत्ताच मागच्या सप्टेंबरची यादी खतावणीशी लावून बघितली. तीन खात्यांत फरक आहे आणि त्यातलं एकही त्या सातांपैकी नाही. उद्या व्यवस्थापकांकडे व्हाउचरच्या फायली मागतो. सापडलं की इथेच लिहीन.